आयव्हीएफसाठी रजा: तारीख आधी सांगता येत नाही आणि कारण सांगायचं नाही, तर अर्ज कसा करावा?

प्रश्न: मी केळापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. नागपूरला आयव्हीएफ सुरू करतोय. डॉक्टर म्हणतात, पाळी आल्यावरच तारखा ठरतील आणि मुख्य प्रोसिजर दीड दिवस आधी कळेल. गावात कोणालाच सांगितलेलं नाही आणि सांगायचंही नाही. दुसरे शिक्षक हेच मुख्याध्यापक आहेत, भले आहेत, पण पुरुषमाणूस. खोटं कारण देऊ का? रजा कोणती मागू? सेवा नऊ वर्षं झाली आहे.

ताई, पंचायत समितीच्या शिक्षण विभागात रजेचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं. अशा उपचारांसाठी रजा घेणाऱ्या बायका त्या टेबलावरून गेल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणाचं कारण मी कधी विचारलं नाही. पण अर्ज कुठे अडकतो आणि कारण कुठून फुटतं, हे बघत आले. त्यावरून सांगते.

तुमची अडचण रजेचे दिवस कमी पडण्याची नाही. नऊ वर्षांच्या सेवेत अर्धवेतनी रजा बऱ्यापैकी साठलेली असणार. अडचण आहे ती पूर्वसूचनेची. शाळेला आठ दिवस आधी कळलं तर बरं वाटतं आणि तुमच्या डॉक्टरला दीड दिवसाच्या पलीकडचं सांगता येत नाही. लोक ही फट भरायला खोटं कारण जोडतात, कारण खोट्याला तारीख देता येते. चुलत नणंदेचं लग्न, सासऱ्यांचं ऑपरेशन. लग्न एकदाच होतं. आयव्हीएफमध्ये मात्र दोन दिवस पुढे, एक फेरी रद्द, पुन्हा दोन महिन्यांनी, असं होतं. तिसऱ्या खेपेला सासऱ्यांचं कोणतं ऑपरेशन सांगणार? शिवाय वैद्यकीय रजेला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात खोटा आजार लिहिला तर ते शासकीय कागदावरचं खोटं होतं. म्हणून माझं म्हणणं असं, की कारण खरं द्यायचं, पण मोघम द्यायचं. आणि तारीख नेमकी द्यायची, पण उशिरा.

आधी फेरीचा आकार बघू, कारण रजेचा प्रकार त्यावरच ठरतो. तुमच्या डॉक्टरची पद्धत थोडी वेगळी असू शकते, पण सध्या जास्त चालणाऱ्या पद्धतीत पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होते आणि त्याच दिवसापासून रोजची इंजेक्शनं सुरू होतात. ती साधारण 8 ते 12 दिवस चालतात. मधे पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीला बोलावतात. फॉलिकल, म्हणजे बीजं ज्यात वाढतात त्या अंडाशयातल्या पिशव्या, हव्या त्या मापाचे झाले की रात्री ठरावीक वेळेला एक शेवटचं इंजेक्शन देतात, त्याला ट्रिगर म्हणतात. त्यानंतर 34 ते 36 तासांनी भूल देऊन स्त्रीबीजं काढतात. तुमच्या डॉक्टरने सांगितलेला दीड दिवस तो हाच. हा आकडा डॉक्टरच्या सोयीचा नाही, शरीराच्या घड्याळाचा आहे. उशीर झाला तर बीजं आपोआप सुटून जातात, म्हणून त्या दिवसाची रजा शाळेच्या सोयीने मागेपुढे होत नाही. बीजं काढल्यावर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात ठेवतात, नाहीतर सगळे गर्भ गोठवून पुढच्या एखाद्या महिन्यात ठेवतात.

म्हणजे रजेचे दोन तुकडे पडतात. पहिल्या तुकड्यात सुटे दिवस आहेत, एकेक, मधे शाळेचे दिवस ठेवून. त्याला किरकोळ रजा पुरते. प्राथमिक शिक्षकांना वर्षाला 12 किरकोळ रजा असतात, त्या मुख्याध्यापक स्वतः मंजूर करतात आणि त्यांना वैद्यकीय कागद लागत नाही. अर्जावर 'खाजगी कामासाठी' एवढं लिहिलं तरी चालतं. वर्ष संपलं की उरलेल्या बुडतात, म्हणून नोव्हेंबरपर्यंत हातात सात-आठ उरल्या असतील, तर फेरी डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत गेली तरी नवीन 12 मिळतात. अर्धी किरकोळ मात्र इथे कामाची नाही. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणाहून, पांढरकवड्याहून, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत नागपूर गाठायचं आणि सोनोग्राफी करून परत यायचं, यात दिवस जातोच.

दुसरा तुकडा बीजं काढण्याच्या आसपासचा, सलग. त्याला वैद्यकीय कारणावरची परिवर्तित रजा घ्या. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस जमा होते. परिवर्तित रजेत पगार पूर्ण मिळतो, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. 5 दिवस घेतले तर 10 गेले. तुमच्या खात्यात आज नेमकं किती आहे ते सेवापुस्तकातल्या रजेच्या हिशेबातच बघा, अंदाज नको. मागची एखादी रजा नोंदवायची राहून गेलेली असते आणि ती ऐनवेळी वजा निघते. किती दिवसांपर्यंतची रजा गटशिक्षणाधिकारी मंजूर करतात आणि कितीनंतर फाइल वर जाते, हे तुमच्या जिल्हा परिषदेच्या आदेशावर अवलंबून आहे. तेही आधीच विचारून ठेवा. 'माहितीसाठी' म्हणून विचारलं तर कोणी कारण विचारत नाही.

या दोन तुकड्यांच्या सांध्यावर एक खड्डा आहे, तो बहुतेकींना माहीत नसतो. किरकोळ रजा आणि परिवर्तित रजा एकमेकींना लागून घेता येत नाहीत. तारखा घालून दाखवते, म्हणजे कळेल.

समजा पाळी सोमवारी 6 तारखेला आली. मंगळवार 7 ला नागपूर, तपासणी, पहिलं इंजेक्शन. एक किरकोळ रजा. पुढची सोनोग्राफी रविवारी 12 ला पडली, रजा लागली नाही. अशी केंद्रं रविवारीही तपासतात, विचारून घ्या. मंगळवार 14 ला पुन्हा सोनोग्राफी, दुसरी किरकोळ. बुधवारी शाळा. गुरुवार 16 ला सोनोग्राफी आणि डॉक्टर म्हणाले, आज रात्री दहाला ट्रिगर, शनिवारी सकाळी दहाला बीजं काढू. आता बहुतेक जणी गुरुवारची किरकोळ आणि शुक्रवारपासून वैद्यकीय असा अर्ज करतात. तो अर्ज माझ्यासारखी बाई परत पाठवते, कारण गुरुवार-शुक्रवार जोडले गेले. परत आलेल्या अर्जावर दोघं-तिघं चर्चा करतात, 'मॅडमचं काय झालं' म्हणून. जी गोष्ट झाकायची होती ती अशी क्षुल्लक त्रुटीने चव्हाट्यावर येते. म्हणून वैद्यकीय रजा गुरुवार 16 पासूनच मागा आणि प्रमाणपत्रातही 16 तारीखच घ्या. तुम्ही त्या दिवशी डॉक्टरसमोरच असता, तेव्हा त्यात काही खोटं नाही.

आणि गुरुवारी डॉक्टर म्हणाले, 'अजून दोन दिवस थांबू', तर? मग गुरुवार साधी किरकोळ रजा, शुक्रवारी शाळेत हजर, शनिवारी 18 ला पुन्हा सोनोग्राफी आणि त्या दिवशी ट्रिगर ठरला तर रजा 18 पासून. म्हणून गुरुवारी जाताना दोन अर्ज लिहून पर्समध्ये ठेवा. एक किरकोळचा, एक परिवर्तितचा, तारीख रिकामी. दुपारी निर्णय झाला की हवा तो भरून फोटो मुख्याध्यापकांना पाठवा, मूळ कागद नंतर पोचता करा.

आता सलग रजा किती मागायची? घरचे म्हणतील, पंधरा दिवस घेऊन टाक, झोपून राहा. गर्भ ठेवल्यावर अंथरुणाला खिळून राहण्याने यश वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, डॉक्टरही बहुधा एक-दोन दिवस जपायला सांगून पाठवतात. पण मी पंधरा दिवस नको म्हणते ते दुसऱ्या कारणासाठी. बीजं काढल्यावर डॉक्टर गर्भ गोठवायचं ठरवू शकतात. बीजं खूप निघाली आणि अंडाशय सुजण्याची भीती असली, तर असं करतात. मग तुम्ही चौथ्या दिवशी बऱ्या असता आणि रजा मात्र पंधराव्या दिवसापर्यंत मंजूर. मंजूर रजा संपण्याआधी स्वतःहून रुजू होता येत नाही. ज्याने रजा मंजूर केली त्याची परवानगी लागते, म्हणजे आणखी एक अर्ज आणि आणखी एक 'का?'. उलट रजा वाढवणं सोपं, संपण्याआधी अर्ज आणि नवं प्रमाणपत्र दिलं की झालं. म्हणून थोडी मागा आणि लागली तर वाढवा. वरच्या उदाहरणात पहिला अर्ज 16 ते 20 असा 5 दिवसांचा. मधला रविवार 19 त्यात मोजला जाईल. गर्भ गोठवले तर सोमवारी 20 ला तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घेऊन मंगळवारी 21 ला शाळेत. पाचव्या दिवशी, गुरुवारी 23 ला गर्भ ठेवायचं ठरलं, तर 21 ते 25 ची वाढ मागा, शनिवारी 25 ला तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घ्या आणि सोमवारी 27 ला रुजू व्हा. हे प्रमाणपत्र शनिवारच्याच तारखेचं असू द्या. सोमवारचं असलं तर रविवारही रजेत धरायचा का, यावर टेबलावर वाद निघतो. सगळे मिळून 10 दिवस, खात्यातून 20.

आता कारणाचा भाग. कारण कुठे कुठे लिहिलं जातं ते बघा. सेवापुस्तकात रजेचा प्रकार, पासून-पर्यंत आणि दिवस एवढंच चढतं, आजार चढत नाही. म्हणजे कायमच्या नोंदीत काही राहत नाही. फुटतं ते वाटेत. अर्जाचा विषय आवक नोंदवहीत जसाच्या तसा उतरवला जातो आणि ती वही टेबलावर उघडी असते. म्हणून विषयात फक्त 'परिवर्तित रजा मिळणेबाबत' लिहा, उपचाराचा शब्द नको. वैद्यकीय प्रमाणपत्र बंद लिफाफ्यात घालून वर 'गोपनीय' लिहा आणि लिफाफा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पदनामासोबत नावानेही करा. अशी पाकिटं शिपाई किंवा आवक लिपिक फोडत नाही, साहेबच फोडतात. पुढे ते माझ्यासारख्या टेबलावर येतंच, हे लपवत नाही. पण चार हातांऐवजी दोन हातांतून येतं.

प्रमाणपत्राच्या ठरलेल्या नमुन्यात 'अमुक आजाराने त्रस्त' अशी जागा असते, ती रिकामी सोडता येत नाही. तिथे डॉक्टरने 'स्त्रीरोगविषयक विकारासाठी उपचार व शस्त्रक्रिया' असं लिहिलं तरी ते पूर्ण खरं आहे. बीजं भूल देऊनच काढतात. पण कागदाचं डोकं बघायला विसरू नका. आजार कितीही मोघम लिहिला आणि वर मोठ्या अक्षरांत 'टेस्ट ट्यूब बेबी सेंटर' छापलेलं असलं, तर काय उपयोग? अशा बऱ्याच डॉक्टरांचं प्रसूतिगृहही असतं, त्याचं लेटरहेड मागा. नसेल तर ज्या स्थानिक स्त्रीरोगतज्ज्ञाने तुम्हाला नागपूरला पाठवलं, त्यांच्याकडून मिळतं का बघा, पण त्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष तपासून द्यायला हवं. सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तेवढा तपासा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी, बिलं रजेच्या अर्जाला लावू नका. लोक उत्साहाने सगळं जोडतात आणि त्यातच सगळं लिहिलेलं असतं. तुमचा दवाखाना तोंड उघडणार नाही, 2021 च्या सहायक जननतंत्रज्ञान कायद्याने त्यांच्यावर जोडप्याची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन आहे.

अधिकाऱ्याला शंका आली तर तो जिल्हा शल्य चिकित्सकांचं दुसरं मत मागू शकतो, हा अधिकार त्याला आहे. पाच-दहा दिवसांच्या रजेला मी असं होताना फारसं पाहिलेलं नाही. झालंच तर तिथल्या डॉक्टरांना खरं सांगा, ते डॉक्टर आहेत. आणि रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हेही नियमातच आहे. पण मागितलेल्या रजेचा प्रकार तुमच्या लेखी विनंतीशिवाय त्यांना बदलता येत नाही. 'परिवर्तित नको, बिनपगारी करा' असं कोणी तोंडी म्हणालं तर लेखी मागा.

अर्ज असा लिहा:

'मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, केळापूर (मार्फत मुख्याध्यापक). विषय: परिवर्तित रजा मिळणेबाबत. महोदय, माझ्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वैद्यकीय उपचार सुरू असून डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार दि. __ ते दि. __ विश्रांतीची आवश्यकता आहे. सदर कालावधीची परिवर्तित रजा मंजूर करावी व मुख्यालय सोडण्याची परवानगी द्यावी ही विनंती. वैद्यकीय प्रमाणपत्र स्वतंत्र बंद लिफाफ्यात सादर. उपचाराच्या स्वरूपानुसार रजा वाढवावी लागल्यास त्याप्रमाणे कळवीन. रजा कालावधीतील पत्ता: __'

पत्त्यात दवाखान्याचं नाव नको. नागपूरला ज्या नातेवाइकांकडे उतरता त्यांचा पत्ता द्या, नाहीतर घरचाच. 'रजा वाढवावी लागल्यास' हे वाक्य मात्र काढू नका. पुढचा अर्ज अचानक आला असं मग कोणी म्हणू शकत नाही.

मुख्याध्यापकांना अर्जाच्या आधीच, फेरी सुरू होण्याच्या आठवडाभर आधी तोंडी सांगा. द्विशिक्षकी शाळेत तुम्ही नसलात की पहिली ते चौथी ते एकटेच बघणार, तेव्हा कल्पना असण्याचा त्यांना हक्क आहे. कारण जाणण्याचा नाही. एवढंच बोला: 'सर, नागपूरला स्त्रीरोगाच्या डॉक्टरकडे माझा उपचार चालू होणार आहे. पुढच्या महिन्यात तीन-चार वेळा एकेक दिवस जावं लागेल आणि एकदा पाच-दहा दिवसांची रजा लागेल. तारीख डॉक्टर आदल्या दिवशीच सांगतात, मला कळलं की लगेच तुम्हाला फोन करीन. घाबरण्यासारखं काही नाही.' बाईमाणसाचं दुखणं म्हटलं की आपल्याकडचा पुरुष पुढे विचारायला संकोचतो, तो संकोच इथे आपल्या कामाचा. 'घाबरण्यासारखं काही नाही' हे मुद्दाम म्हणा. नाहीतर कॅन्सरची अफवा उठते, मी पाहिलेलं आहे. मग केंद्रप्रमुखांना सांगून शेजारच्या शाळेचा शिक्षक एखाद्या दिवसासाठी मागवायचा की नाही, ते सर ठरवतील. तुम्ही त्या दिवसांच्या पाठांची वही तयार ठेवा.

गावात मात्र मोघमपणा टिकत नाही. 'मॅडम, कायले गेल्या होत्या नागपूरले?' हे बसस्टँडवर कोणीही विचारणार. कोणताही तपशील न देता 'दवाखान्यात काम होतं व' म्हणा आणि लगेच त्यांच्या पोराच्या अभ्यासाकडे वळा. इंजेक्शन गावातल्या सिस्टरकडून घेऊ नका, बातमी तिथूनच निघते. पोटावर स्वतः टोचायची सुई दवाखान्यात शिकवतात, तीन दिवसांत हात बसतो. काही इंजेक्शनांना फ्रिज लागतो, 2 ते 8 अंश. नागपूरहून बसने आणायची तर बर्फाच्या पिशवीत आणा, विशेषतः उन्हाळ्यात.

उन्हाळ्यावरून आठवलं. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणून मे-जूनमध्ये फेरी बसवली तर रजेचा प्रश्नच राहत नाही, असं काही जणी म्हणतात. बसत असेल तर उत्तमच. पण निवडणूक, प्रशिक्षण, सर्वेक्षण यांचे आदेश सुट्टीतच निघतात आणि डॉक्टरने वयामुळे थांबू नका म्हटलं असेल तर सुट्टीसाठी थांबू नका. डॉक्टरला शाळेचं वेळापत्रक मात्र दाखवा. काही केंद्रं आधीच्या महिन्यात गोळ्या देऊन सुरुवात थोडे दिवस पुढे सरकवू शकतात. संकलित चाचणीच्या आठवड्यात ट्रिगर येऊ नये, एवढं त्यातून साधतं.

दोन गोष्टी अनपेक्षित घडू शकतात. फॉलिकल नीट वाढले नाहीत तर फेरी मधेच रद्द होते. तोवर तुमच्या दोन-तीन किरकोळ रजा गेलेल्या असतात, बाकी कोणाला काही सांगावं लागत नाही. सुटे दिवस किरकोळमध्ये ठेवण्याचा हाच फायदा. दुसरी, बीजं काढल्यानंतर पोट फुगणं, वजन झपाट्याने वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं. हे अंडाशय सुजल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा रजेचा विचार न करता लगेच दवाखान्याला फोन करा, भरती व्हावं लागू शकतं. त्या वेळी यजमानांनी सरांना 'मॅडमना ॲडमिट केलंय, रजा वाढवावी लागेल' एवढा निरोप द्यायचा आणि प्रमाणपत्र नंतर बंद लिफाफ्यात द्यायचं. यजमान काय बोलतील ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर ते घाबरून सगळंच सांगून टाकतात.

गर्भ गोठवले असतील तर पुढची फेरी रजेच्या दृष्टीने हलकी असते. गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर तयार करतात, एक-दोन सोनोग्राफ्या होतात आणि गर्भ ठेवण्याचा दिवस पाच-सहा दिवस आधी कळतो. दोन-तीन किरकोळ रजांत भागतं. कोणतीही फेरी असो, गर्भ ठेवल्यानंतर साधारण 10 ते 14 दिवसांनी रक्ताची तपासणी होते. ती पांढरकवड्याच्या ओळखीच्या लॅबमध्ये करू नका, यवतमाळला किंवा नागपूरला करा. रिपोर्ट मोबाइलवर येतो. तो दिवस शक्यतो शनिवार ठरवून घ्या, सकाळच्या शाळेनंतर रक्त देता येतं आणि उत्तर काहीही आलं तरी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहावं लागत नाही.